बीपी मशीन विकताय? आधी दंडाचं माप लिहा, बाकीचं नंतर



आज मी माझ्याच चुकीपासून सुरुवात करतो. दोन-अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. बारामतीतल्या माझ्या दुकानातून एका मुलाने वडिलांसाठी बीपी मशीन नेलं. गाव निमगाव केतकी. व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगवर फोटो बघितला, फोन केला आणि दुसऱ्या दिवशी माल घेऊन गेला. आठवड्यात तो परत दुकानात हजर. "दादा, मशीन खराब आहे. घरी १५२, १५४ दाखवतंय आणि दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं तर १४२. वडील रात्रभर झोपले नाहीत."

मी मशीन तपासलं. माझ्या हातावर ठीक, पोराच्या हातावरही ठीक. मग विचारलं, वडिलांची अंगकाठी कशी आहे? म्हणाला, आयुष्यभर पहिलवानकी आणि शेती, दंड माझ्या दुप्पट. टेप देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी फोन आला, दंडाचा घेर ३६ सेंटीमीटर. आणि मी दिलेल्या मशीनचा कफ होता २२ ते ३२ सेंटीमीटरचा.

म्हणजे मशीन चांगलं होतं, माझं वर्णन खराब होतं. मी कॅटलॉगमध्ये काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं सांगतो: "१०० टक्के अचूक डिजिटल बीपी मशीन. घरबसल्या बीपीचं निदान. आता डॉक्टरांकडे चकरा नकोत." कफचं माप कुठेच नव्हतं. ते खोक्याच्या एका कडेला बारीक अक्षरात होतं, आणि खोकं गिऱ्हाइकाने विकत घेतल्यावर बघितलं.

बीबीएला आम्हाला एक गोष्ट पाठ करून घेतली होती: फीचर विकू नका, फायदा विका. साबण, मिक्सर, कोचिंग क्लास, सगळीकडे हे चालतं. मीही तुम्हाला व्हिडिओत हेच शिकवतो. पण माझं स्पष्ट मत झालंय की बीपी मशीन आणि थर्मामीटरला हा नियम लावायचा नाही. इथे फीचर आणि मर्यादा सांगायची, आणि फायद्याचा शेवटचा शब्द डॉक्टरांवर सोडायचा. का, ते तीन गोष्टींतून बघू.

पहिली गोष्ट: कफ

दंडाच्या मानाने कफ लहान पडला तर मशीन बीपी वाढवून दाखवतं. कफ मोठा पडला तर कमी दाखवतं. कारण साधं आहे. कफच्या आत हवेची पिशवी असते. ती दंडाभोवती पुरेशी गुंडाळली गेली तरच दाब रक्तवाहिनीपर्यंत नीट पोचतो. पिशवी आखूड असेल तर तेवढंच काम करायला जास्त हवा भरावी लागते, आणि मशीन तोच जास्तीचा दाब बीपी म्हणून दाखवतं.

फरक किती पडतो? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९५ प्रौढ माणसांवर हे तपासलं आणि २०२३ मध्ये ते छापून आलं. ज्यांना मोठा कफ लागत होता त्यांना नेहमीचा कफ लावला तर वरचा आकडा सरासरी ४.८ ने जास्त आला. ज्यांना त्याहून मोठा, म्हणजे एक्स्ट्रा लार्ज लागत होता, त्यांना तर १९.५ ने जास्त. आणि ज्यांना लहान कफ लागत होता त्यांचा आकडा ३.६ ने कमी आला. ही सरासरी आहे, एखाद्याचा फरक याहून जास्तही असू शकतो. म्हणून निमगावच्या त्या काकांच्या बाबतीत दहा-बाराचा सगळा फरक फक्त कफमुळे होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वेगळी वेळ, वेगळं मशीन, बसण्याची पद्धत, याचाही त्यात वाटा असतो. पण चुकीचा कफ देऊन मी त्या आकड्यावरचा भरवसाच काढून घेतला होता, हे नक्की.

कमी दाखवणारी बाजू विसरू नका. बारीक दंडाच्या आजीला मोठा कफ दिला तर आकडा छान येतो, घरचे खूश होतात, आणि तक्रार घेऊन कोणी परत येत नाही. ही चूक आपल्याला कधी कळतच नाही, म्हणून ती मला जास्त वाईट वाटते.

माप घ्यायचं कसं, तेही वर्णनात लिहा. शिंप्याची टेप घ्यायची. हात सैल खाली सोडायचा, बाही वर. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक, या दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप गुंडाळायची. आवळायची नाही, ढिली सोडायची नाही. जो घेर येईल तो सेंटीमीटरमध्ये. टेपवर इंच असतील तर इंचाला २.५४ ने गुणा. १४ इंच म्हणजे जवळपास ३५.५ सेंटीमीटर.

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. २२ ते ३२ चा नेहमीचा, ३२ ते ४२ चा मोठा, आणि २२ ते ४२ चा वाइड रेंज. कंपनीप्रमाणे आकडे थोडे इकडे-तिकडे होतात, म्हणून खोक्यावरचाच आकडा लिहायचा, "फ्री साइज" किंवा "सर्वांना बसेल" असं लिहायचं नाही. आणि गिऱ्हाईक म्हणालं की मशीन राहू द्या, फक्त मोठा कफ द्या, तर त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलला चालणारा कफ द्या. दुसऱ्या कंपनीची नळी कधी कधी बसते, पण मशीनचं गणित स्वतःच्या कफवर बेतलेलं असतं. नळी बसली म्हणजे आकडा बरोबर, असं नाही.

कफ चुकलाय हे घरीही ओळखता येतं. बहुतेक कफवर आतल्या बाजूला दोन खुणांमधला पट्टा छापलेला असतो आणि कडेला एक रेघ किंवा बाण. गुंडाळल्यावर ती रेघ पट्ट्याच्या आत यायला हवी. बाहेर गेली तर कफ त्या दंडाचा नाही. हवा भरताना वेल्क्रो फाटकन सुटत असेल किंवा वारंवार एरर येत असेल तरी आधी कफकडेच बघायचं.

आता माझ्या काउंटरवर टेप टांगलेली असते. इंदापूरहून, वालचंदनगरहून फोन आला तरी माझा पहिला प्रश्न "बजेट किती?" हा नसतो. "ज्यांच्यासाठी घेताय त्यांच्या दंडाचा घेर किती?" हा असतो. ज्याला माहीत नसतं त्याला मी माप घेऊन परत फोन करायला सांगतो. असं केल्याने एखादी विक्री दुसऱ्या दिवसावर जाते, क्वचित हातची जातेही. मला ते चालतं.

दुसरी गोष्ट: अचूकता

खोक्यावर "अचूकता ±३ एमएमएचजी" असं असतं. आपण दुकानदार त्याचा अर्थ सांगतो की खरं बीपी १४० असेल तर मशीन १३७ ते १४३ दाखवेल. हा अर्थ चुकीचा आहे, आणि मीही तो बरीच वर्षं सांगत होतो.

तो आकडा मशीनच्या आतल्या दाब मोजणाऱ्या सेन्सरचा आहे. मशीनला ठरावीक स्थिर दाब दिला तर ते तीनच्या आत बरोबर ओळखतं, एवढंच. पण माणसाच्या दंडावर मशीन थेट बीपी मोजत नाही. कफमध्ये येणाऱ्या नाडीच्या ठोक्यांच्या लहरींवरून ते हिशोब करून वरचा आणि खालचा आकडा काढतं. तो हिशोब माणसांवर कितपत बरोबर येतो, त्याची चाचणी वेगळी असते. आयएसओ ८१०६०-२ या मानकात किमान ८५ माणसांवर, प्रशिक्षित निरीक्षकांनी घेतलेल्या मोजणीशी मशीनची तुलना करतात. पास व्हायला सरासरी फरक ५ च्या आत आणि त्याचा विखुरलेपणा ८ च्या आत लागतो. विखुरलेपणा ८ म्हणजे काय? पास झालेल्या चांगल्या मशीनवरही एखाद्या माणसाचा आकडा आठ-दहाने इकडे-तिकडे येऊ शकतो. मग "१०० टक्के अचूक" हे शब्द कुठून आणायचे?

म्हणून वर्णनात दोन्ही वेगळं लिहा. सेन्सरची अचूकता खोक्यावर आहे तशी. आणि माणसांवरची चाचणी झाली असेल तर तसं. ती झाली आहे का हे बघायला stridebp.org वर तपासलेल्या मशीनची यादी आहे. तिथे कंपनीचं नाव बघून थांबू नका, पूर्ण मॉडेल नंबर जुळवा. एकाच कंपनीची दोन मशीन, शेवटचं एक अक्षर वेगळं, एक यादीत आणि एक नाही, असं होऊ शकतं. नंबर जुळला तरच "क्लिनिकली व्हॅलिडेटेड" लिहायचं. नाही जुळला तर ती ओळ सोडून द्यायची, गोल शब्दांत झाकायची नाही.

थर्मामीटरलाही हेच. काखेत किंवा जिभेखाली ठेवायच्या डिजिटल थर्मामीटरवर बहुतेक वेळा ±०.१ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे जवळपास ±०.२ फॅरनहाइट, आणि तेही ठरावीक तापमानाच्या टप्प्यात. आपल्याकडे घरोघरी ताप फॅरनहाइटमध्येच बोलतात, म्हणून तो आकडाही द्या. कपाळावर धरायच्या गनवर ±०.२ सेल्सिअस लिहिलं असेल तर ते झालं साधारण ±०.४ फॅरनहाइट. म्हणजे गनने ९९.४ दाखवलं तर फक्त यंत्राच्या फरकातच ते ९९.० ते ९९.८ मध्ये कुठेही असू शकतं. त्यात कपाळाला घाम असेल किंवा माणूस नुकताच उन्हातून आला असेल तर फरक आणखी वाढतो. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो, हेही एका ओळीत लिहिलं की "दोन थर्मामीटर दोन आकडे दाखवतात" हे निम्मे फोन बंद होतात.

गनबद्दल आणखी दोन गोष्टी. एक, बऱ्याच गनवर शरीराचा मोड आणि वस्तूच्या पृष्ठभागाचा मोड वेगळा असतो. "खराब आहे, ९२ च दाखवते" म्हणून आलेली गन मी आधी मोड बघून तपासतो. दोन, मोटर, बॉयलर किंवा दुधाच्या टाकीचं तापमान बघायची औद्योगिक गन दिसायला अगदी तशीच असते. एमआयडीसी आणि डेअरीच्या आपल्या भागात ती सहज मिळते. तिच्यात दीड-दोन अंश सेल्सिअसचा फरक चालतो. यंत्रासाठी ते ठीक आहे, तापासाठी अजिबात नाही. ती "थर्मामीटर गन" या एका नावाखाली कॅटलॉगमध्ये एकत्र टाकू नका.

तिसरी गोष्ट: शब्द

आपलं मशीन आकडा दाखवतं. त्या आकड्याचा अर्थ डॉक्टर लावतात. वर्णनातलं प्रत्येक वाक्य या रेषेच्या अलीकडे राहतंय का, एवढंच बघा.

"बीपी आहे की नाही ते सांगते" हे वाक्य रेषेपलीकडे गेलं. "वरचा आकडा, खालचा आकडा आणि नाडीचे ठोके दाखवते" हे अलीकडे राहिलं. "हृदयविकार आधीच ओळखते" हे पलीकडे. "नाडीची लय अनियमित जाणवली तर पडद्यावर चिन्ह दाखवते; चिन्ह वारंवार आलं तर डॉक्टरांना सांगा" हे अलीकडे. "ताप नाही याची खात्री" पलीकडे. "शरीराचं तापमान दाखवते" अलीकडे. मशीनवर हिरवा-पिवळा-लाल पट्टा असेल तर "रंगीत पट्टा आहे" इतकंच लिहा. लाल म्हणजे अमुक आजार, असं लिहू नका.

हे फक्त सभ्यतेपुरतं नाही, कायदाही आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोणाविषयक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात ज्या आजारांच्या निदानाचे-उपचाराचे दावे जाहिरातीत करायला मनाई आहे, त्यांत ताप आणि उच्च किंवा कमी रक्तदाब, दोन्हींची नावं आहेत. मशीन त्या कायद्यातल्या "औषध" शब्दात कितपत बसतं हा वाद वकिलांनी घालावा. आपण "निदान" हा शब्द लिहिलाच नाही तर त्या वादात आपलं नावच येत नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा स्वतंत्र मुद्दा आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगही जाहिरातच आहे.

आणि हो, विक्रीची नोंदणी. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या बदलानुसार, ज्याच्याकडे औषध विक्रीचा परवाना नाही त्याला उपकरणं विकायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून एमडी-४२ नमुन्यातलं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. किराणा दुकानात दहा मशीन आणून ठेवायच्या आधी हे बघा. आणि ते मिळालं म्हणून "सरकारमान्य अचूक मशीन" असं लिहू नका. तुम्हाला विकायची परवानगी मिळाली, मशीनच्या अचूकतेचं प्रशस्तिपत्रक नाही.

शब्दांची खरी परीक्षा मात्र काउंटरवर होते. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्या भागातून जाते, तेव्हा आपल्यातले बरेच जण रस्त्यावर टेबल टाकून मोफत बीपी बघतात. चांगली गोष्ट आहे. पण उन्हातून दहा-बारा किलोमीटर चालून आलेल्या माउलीला उभ्या उभ्या कफ लावायचा आणि १५६ दिसलं की "माउली, तुम्हाला बीपी आहे, हे मशीन घेऊन टाका" म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसवा. पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलणं बंद. चहा-तंबाखू नुकताच झाला असेल तर अर्धा तास थांबा. मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा बघा. दोन्ही आकडे, तारीख आणि वेळ कागदावर लिहून द्या आणि म्हणा, "हा आकडा आलाय. हा कागद डॉक्टरांना दाखवा." गोळी वाढवा, कमी करा, बंद करा, यातलं एकही वाक्य आपल्या तोंडून निघता कामा नये. आणि कोणी छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलताना जीभ अडखळतेय असं म्हणालं तर कफ बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. तिथे आकड्याची वाट बघायची नाही.

माझं आजचं वर्णन

त्याच मशीनचं आज माझ्या कॅटलॉगमध्ये असलेलं वर्णन असं आहे. हवं तर सांगाडा उचला, आकडे मात्र तुमच्या खोक्यावरचे टाका.

"दंडावर लावायचं डिजिटल बीपी मशीन. कफ: दंडाचा घेर २२ ते ३२ सेंमी. घेर ३२ पेक्षा जास्त किंवा २२ पेक्षा कमी असेल तर हे मशीन घेऊ नका, आम्हाला फोन करा, योग्य कफचं सुचवू. माप कसं घ्यायचं ते फोटो क्र. २ मध्ये. दाखवतं: वरचा आकडा, खालचा आकडा, नाडीचे ठोके. सेन्सरची अचूकता: दाब ±३ एमएमएचजी, नाडी ±५ टक्के (कंपनीच्या माहितीनुसार). दोन माणसांच्या नोंदी वेगळ्या साठवतं. मोठे अंक. अ‍ॅडॉप्टर सोबत नाही. हे मशीन आजाराचं निदान करत नाही. गरोदर महिला, लहान मुलं आणि हृदयाच्या ठोक्यांची लय अनियमित असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावं. मशीनवरच्या आकड्यावरून औषध स्वतः बदलू नका."

तुम्ही म्हणाल, "दादा, इतकं कोरडं लिहिलं तर गिऱ्हाईक शेजारच्या '१०० टक्के अचूक' वाल्याकडे जाईल." काही जातात, खोटं कशाला बोलू. पण मोठे अंक, दोघांच्या नोंदी, वॉरंटी, दुकानात येऊन शिकवणं, या खऱ्या गोष्टी विकायला आपल्याकडे आहेतच. आणि वर्णन बदलल्यापासून "आकडा चुकीचा येतो" म्हणून परत येणारी मशीन माझ्याकडे खूप कमी झाली. परत आलेलं उघडं मशीन नवीन म्हणून विकता येत नाही, त्यातला नफा तर जातोच, वर मुद्दलही अडकते. त्यामुळे धंद्याच्या हिशोबानेही हे वर्णन मला स्वस्त पडलं.

निमगावच्या त्या मुलाला मी २२ ते ४२ च्या कफचं मशीन बदलून दिलं, वरचा फरक घेतला नाही. काकांनी महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहिले आणि ती वही डॉक्टरांना नेऊन दाखवली. पुढे डॉक्टरांनी काय ठरवलं ते मी विचारलं नाही. ते माझं काम नव्हतं.

आज एवढंच करा. तुमच्या कॅटलॉगमधलं बीपी मशीनचं वर्णन उघडा आणि त्यात "सेंमी" हा शब्द आहे का बघा. नसेल तर ती पहिली ओळ आत्ताच टाका. भेटू पुढच्या व्हिडिओत.